सापडलेल्या पिल्लाचं वय फोटोवरून कसं ओळखायचं आणि पहिला आठवडा कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावर कुत्र्याचं पिल्लू सापडलं की लोक आधी फोटो पाठवतात आणि विचारतात, "हे किती दिवसांचं असेल?" वाढदिवसाची तारीख कुणालाच नको असते. खरा प्रश्न असतो तो ऊब, बाटली, जंताचं औषध आणि लस यांतलं आज काय लागेल हा. ते सगळं वयावर ठरतं, म्हणून खालची उत्तरं वयापासून सुरू होतात. पिल्लू थंडगार किंवा मलूल असेल तर आधी प्रश्न ७ वाचा, बाकीचं नंतर.

१. पिल्लू एकटंच दिसलं. लगेच उचलून आणू का?

ते गाडीखाली, पाण्यात, मुंग्यांमध्ये किंवा उन्हात पडलं असेल, जखमी असेल किंवा हाताला थंड लागत असेल तर उचला. तसं नसेल तर थोडं लांब जाऊन दोन-तीन तास लक्ष ठेवा. आई खाणं शोधायला गेलेली असते आणि माणूस जवळ उभा असला की ती पिल्लांकडे फिरकत नाही. पिल्लाचं पोट भरलेलं, अंग कोरडं आणि ते शांत झोपलेलं असेल तर आई येऊन-जाऊन आहे असं समजायला हरकत नाही. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला आपण कितीही नीट पाजलं तरी ते आईच्या दुधाची बरोबरी करत नाही. म्हणून आई परत येण्याची शक्यता असेल तर ती आधी द्यावी.

२. एकच फोटो आहे, त्यावरून वय सांगता येईल का?

ढोबळ सांगता येईल. डोळे बंद आहेत की उघडे, पिल्लू सरपटतंय की उभं आहे, एवढं एका फोटोत दिसतं. त्यावरून "दोन आठवड्यांच्या आतलं" किंवा "महिन्याच्या वरचं" इतकं म्हणता येतं. नेमका आठवडा मात्र नाही. सर्वांत जास्त फसवतो तो वरून, जवळून काढलेला फोटो. मोबाइल तोंडाजवळ धरला की डोकं मोठं आणि अंग लहान दिसतं, आणि मोठं डोकं तर कोवळ्या पिल्लाचीच खूण. त्यामुळे सहा आठवड्यांचं पिल्लू सहज तीन आठवड्यांचं वाटतं.

३. मग कोणते फोटो काढू?

चार पुरतात. पहिला ओठ उचलून समोरच्या दातांचा. दुसरा ओठाचा कोपरा मागे ओढून बाजूच्या दातांचा, कारण दाढा आल्यात की नाही ते तिथेच कळतं. तिसरा चेहऱ्याचा, डोळ्यांच्या उंचीवरून, फ्लॅश न वापरता. चौथा पिल्लू उभं असताना बाजूने, शेजारी पेन ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. कॅमेरा जमिनीच्या उंचीला आणि हातभर लांब ठेवा.

यासोबत दहा सेकंदांचा चालतानाचा व्हिडिओ पाठवलात तर फार मदत होते. चाल लपत नाही. आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ठेवा. वय ओळखायला ते फारसं उपयोगी नाही, पण दुधाचं आणि औषधाचं माप त्यावरच ठरतं.

दातांच्या फोटोसाठी झटापट करू नका. पिल्लू पेंगत असताना ओठ अलगद उचलला की काम होतं. हातमोजे घाला (का, ते प्रश्न १३ मध्ये).

४. डोळे आणि कान पाहून काय कळतं?

पहिल्या तीन आठवड्यांत याच दोन खुणा कामाच्या. नाळेचा सुकलेला तुकडा अजून बेंबीला असेल तर पिल्लू बहुतेक पाच दिवसांच्या आतलं. डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात, आधी कोपऱ्याकडून फट पडते. कान बाहेरून जन्मापासून असतात, पण त्यांची भोकं दोन आठवड्यांनंतर उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू आवाजाला दचकू लागतं. डोळे उघडे, पण चालताना पोट जमिनीला घासतंय आणि मागचे पाय पसरतायत, असं असेल तर अडीच-तीन आठवडे धरा.

उघडल्यावर डोळे निळसर, धुरकट दिसतात. हा डोळ्याचा आजार नाही. पुढच्या काही आठवड्यांत मूळ रंग येतो. बंद डोळे बोटांनी उघडायला जाऊ नका. पापणी फुगलेली असेल किंवा पू दिसत असेल तर मात्र डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. बंद पापणीमागे साचलेला पू डोळा घालवू शकतो.

कान ताठ उभे आहेत की पडलेले, यावरून वय ठरवू नका. ते जातीवर आणि त्या एका पिल्लावर अवलंबून असतं.

५. दातांवरून वय नेमकं कसं ठरवायचं?

तीन आठवड्यांच्या पुढे मी सर्वांत आधी दातच पाहते. उपासमारीने अंग खुरटतं, पण दातांचं वेळापत्रक त्यामानाने कमी बिघडतं.

हिरड्या नुसत्या गुळगुळीत असतील तर पिल्लू बहुधा तीन आठवड्यांच्या आतलं. तीन ते चार आठवड्यांत सुळे टोचू लागतात. फोटोत ते पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसतात, आणि दिसले नाहीत तरी बोट फिरवलं की जाणवतात. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात समोरचे बारीक दात येतात, वर सहा आणि खाली सहा. याच सुमारास सुळ्यांच्या मागे दाढा यायला लागतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत दुधाचे सगळे २८ दात पूर्ण होतात. म्हणून सुळे आहेत पण समोरचे दात अर्धवट आहेत, अशा पिल्लाला मी चार-साडेचार आठवडे म्हणते. समोरचे दात पूर्ण आणि दाढा अर्धवट असतील तर सहा-सात.

आठव्या आठवड्यानंतर अंदाज अवघड होतो, कारण साधारण साडेतीन महिन्यांपर्यंत नवा दात येतच नाही. या काळात जबडा वाढतो आणि दाटीने बसलेल्या समोरच्या दातांमध्ये फटी पडतात. दाट दात म्हणजे दोन महिन्यांच्या जवळ, मोकळे दात म्हणजे तीन महिन्यांच्या जवळ, एवढंच सांगता येतं. मग मधले दोन दात पडून तिथे रुंद, कंगोरेदार कडेचे पक्के दात आले की चार महिन्यांच्या आसपास. पक्के सुळे पाच-सहा महिन्यांत येतात.

अगदी लहान चणीच्या जातींमध्ये दात आठवडाभर उशिरा येऊ शकतात. मिश्र जातीच्या पिल्लाचे आईबाप माहीत नसतात, म्हणून उत्तर नेहमी "अमुक ते तमुक आठवडे" असंच द्यावं.

६. पिल्लू दोन तळहातांत मावतं. म्हणजे तीन आठवड्यांचंच ना?

नाही, आणि ही चूक इतक्या वेळा होते की एक उदाहरण सविस्तर सांगते.

एका ताईंनी तीन फोटो पाठवले. वजन ९०० ग्रॅम, टॉवेलवर झोपलेलं, पोट टम्म. "तीन आठवड्यांचं आहे, बाटलीने किती मिली देऊ?" दोन दिवस त्या त्याला गाईचं दूध पाजत होत्या आणि त्याला जुलाब लागले होते. फोटोत डोकं अंगापेक्षा मोठं दिसत होतं, पण दोन गोष्टी जुळत नव्हत्या. डोळ्यांत निळसर झाक उरली नव्हती, आणि एका फोटोत पिल्लू मागच्या पायाने कान खाजवत होतं. तीन आठवड्यांच्या पिल्लाला एवढा तोल साधत नाही.

ओठ उचलून फोटो मागवला. वरचे सहाही दात पूर्ण आलेले आणि दाटीने बसलेले, सुळे लांब, मागे दोन दाढा स्पष्ट आणि तिसरी अर्धी वर. म्हणजे सात आठवड्यांच्या आसपास. मध्यम चणीचं सात आठवड्यांचं पिल्लू सहसा दोन किलो किंवा त्याहून जास्त भरतं. हे निम्म्याहून कमी होतं, कारण ते उपाशी होतं आणि पोटात जंत होते. टम्म पोट भरलेलं नव्हतं, जंतांनी फुगलेलं होतं. फासळ्या आणि पाठीचा कणा बोटांना लागत होता, त्यावरून ते कळलं.

सगळंच बदललं. बाटली बंद. पिल्लांचं खाणं कोमट पाण्यात भिजवून, थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. जुलाब आणि कमी वजन असल्यामुळे त्याच दिवशी डॉक्टर, वजनानुसार जंताचं औषध, आणि दुसऱ्या दिवशी शीमधून शेवयांसारखे लांब जंत पडले. जुलाब थांबून वजन वाढायला लागल्यावर पहिली लस दिली. सापडल्यापासून सुमारे नऊ आठवड्यांनी त्याचे समोरचे मधले दात पडले, म्हणजे तेव्हा ते चार महिन्यांच्या जवळ होतं. सात अधिक नऊ, सोळा आठवडे. अंदाज जुळला.

तीन आठवड्यांचं समजून ते बाटलीवरच राहिलं असतं, तर पोषण कमी पडलं असतं आणि लसही तीन-चार आठवडे लांबली असती. पार्व्हो हा उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार नेमका याच वयात गाठतो.

७. वय कळत नाहीये आणि रात्र झालीय. आत्ता काय करू?

वयाबद्दल शंका असेल तर उबेच्या बाबतीत पिल्लाला लहान समजा. मोठ्या पिल्लाला ऊब जास्त झाली तर ते बाजूला सरकतं, पण लहान पिल्लाला कमी पडली तर जीव जातो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत पिल्लाला कुडकुडून अंग तापवताही येत नाही.

खोक्यात जाड कापड घाला. गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एका अर्ध्या भागातच ठेवा, म्हणजे पिल्लाला हवं तेव्हा लांब जाता येतं. पिल्लाजवळची हवा पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात २६ ते २९ असावी. मग हळूहळू कमी करा. दिव्याखाली किंवा हीटरसमोर थेट ठेवू नका, त्वचा भाजते आणि अंगातलं पाणी आटतं.

आणि ज्यावर मी सर्वांत जास्त जोर देते ती गोष्ट अशी: थंड पिल्लाला दूध पाजू नका. अंग गार असताना आतडी हलत नाहीत, दूध पोटात तसंच राहतं किंवा उलटून फुफ्फुसात जातं. गुदद्वारातून मोजलेलं तापमान ३५ अंशांच्या खाली असेल, किंवा थर्मामीटर नसेल आणि तोंडाचा आतला भाग बोटाला गार लागत असेल, तर आधी तासा-दोन तासांत सावकाश ऊब द्या. पिल्लू अगदी गळून गेलं असेल तर हिरड्यांवर साखरेच्या पाण्याचं किंवा मधाचं बोट फिरवा, तोंडात ओतू नका. ऊब देत देतच डॉक्टरांना फोन करा.

८. गाईचं दूध चालेल का?

चालत नाही. कुत्रीच्या दुधात चरबी आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात आणि दुधातली साखर कमी. म्हणून गाईच्या दुधाने पिल्लाला जुलाबही लागतात आणि ते उपाशीही राहतं. पाणी घातलं तर उपासमार आणखी वाढते. पिल्लांसाठीची दूध पावडर मिळवा आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा. ती सकाळपर्यंत मिळणार नसेल तर रात्रीपुरतं काय द्यायचं ते डॉक्टरांना फोनवर विचारा. आणि जर दात प्रश्न ५ प्रमाणे चार आठवड्यांच्या पुढचे असतील, तर नुसत्या दुधावर ठेवायची गरज उरत नाही, प्रश्न ११ पाहा.

९. किती पाजायचं, किती वेळा?

पहिल्या तीन आठवड्यांत दिवसभरात वजनाच्या दर १०० ग्रॅममागे १५ ते २० मिली, हा बरा अंदाज आहे. डब्यावर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा, कारण प्रत्येक पावडर सारखी पौष्टिक नसते. समजा पिल्लू ४०० ग्रॅमचं आहे आणि डोळे नुकतेच उघडलेत. दिवसाचे ६० ते ८० मिली झाले. दर तीन तासांनी म्हणजे आठ वेळा पाजलं तर एका वेळी साधारण ८ ते १० मिली. एका वेळी दर १०० ग्रॅममागे ४ मिलीच्या वर जाऊ नका, लहान पोटात तेवढंच मावतं. पहिल्या आठवड्यात दोन-दोन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात चार-पाच तासांचं अंतर चालतं.

दूध कोमट असावं. पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर, आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं पाठीवर झोपवून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करून नाक पुसा. त्यानंतर खोकला किंवा श्वासाची घरघर ऐकू आली तर डॉक्टरांकडे न्या. सिरिंज वापरत असाल तर एक-एक थेंब सोडा, पिल्लू गिळेपर्यंत थांबा. चोखायची ताकदच नसेल तर जबरदस्ती करू नका.

बेत जमतोय का ते वजन सांगतं. रोज एकाच वेळी मोजा. रोज थोडं तरी वाढायला हवं. एक दिवस वाढ थांबली तर पाजण्यात काय चुकतंय ते बघा, वजन घटलं तर त्याच दिवशी दाखवा.

१०. पिल्लू दिवसभर शू-शी करत नाहीये. बद्धकोष्ठ आहे का?

तीन आठवड्यांच्या आतलं असेल तर बहुतेक नाही. एवढ्या लहान पिल्लाला आपणहून शू-शी करता येत नाही, आई चाटून करवते. प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शूची जागा आणि गुदद्वार हलकं पुसत राहा, मिनिटाभरात होतं. शू फिकट असावी. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. चिमटीत कातडी धरून पाहायची मोठ्या कुत्र्यांची युक्ती इतक्या लहान पिल्लांत भरवशाची नाही.

११. दात आलेत. आता काय खाऊ घालू?

चार आठवड्यांच्या आसपास पिल्लांचं खाणं कोमट पाण्यात किंवा पिल्लांच्या दुधात भिजवून लापशीसारखं करा आणि पसरट ताटलीत ठेवा. पहिल्या दिवशी पिल्लू त्यात पाय बुडवेल, ते ठीक आहे. ते पुरेसं खायला लागेपर्यंत मधूनमधून बाटली चालू ठेवा. सहा आठवड्यांनंतर दिवसातून चार वेळा मऊ खाणं आणि उथळ भांड्यात कायम पाणी. फार उपाशी पिल्लासमोर भरलेली ताटली ठेवू नका. ते हावरटासारखं खातं, मग उलट्या-जुलाब होतात.

१२. जंताचं औषध आणि लस कधी?

गोलकृमी आईच्या पोटातच पिल्लांमध्ये शिरतात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी जंताचं औषध देतात. दिसत नाहीत म्हणून जंत नाहीत असं धरू नका. माप वजनावर असतं, अंदाजाने देऊ नका.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लस निकामी करू शकते आणि ती कधी ओसरली ते कळत नाही, म्हणून डोस पुन्हा देतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांना. वय फोटोवरून काढलं आहे, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते दात स्वतः पाहूनच वेळापत्रक आखतील.

१३. पिल्लू खेळताना चावलं, थोडं खरचटलं. एवढ्याशा पिल्लाला रेबीज असतो का?

असू शकतो, आणि फोटोवरून किंवा चेहऱ्यावरून तो कळत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जाऊन लशीबद्दल विचारा. पिल्लू काय करतंय हे बघत थांबू नका. पिल्लाने उघड्या जखमेवर, डोळ्यावर किंवा तोंडात चाटलं असेल तरी हेच. घरातल्या लहान मुलांना न विसरता विचारा, ती रागावतील म्हणून सांगत नाहीत.

१४. घरात आधीचा कुत्रा आहे. एकत्र ठेवू का?

दोन आठवडे नको. पार्व्होची लागण झालेलं पिल्लू काही दिवस अगदी ठणठणीत दिसू शकतं. वेगळी खोली, वेगळी भांडी, आणि पिल्लाला हात लावल्यावर कपडे-चपला बदला. विषाणू चपलेवरूनही घरभर फिरतो आणि साध्या साबणाने मरत नाही. शी आधी काढून टाका, मग १ भाग घरगुती ब्लीच ३० भाग पाण्यात मिसळून फरशीवर दहा मिनिटं राहू द्या.

१५. पिसवा भरल्यात. अंघोळ घालू का?

पहिल्याच दिवशी नको. मोठ्या कुत्र्याचं पिसवांचं औषध तर मुळीच नको, त्यांपैकी बरीच आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांसाठी नसतात. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाका. पिसवा खूप असतील आणि हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, तर त्या रक्त पिऊन पिल्लाला अशक्त करतायत. तेव्हा डॉक्टर वयानुसार औषध ठरवतील.

१६. आजारी आहे का, हे फोटोवरून सांगाल का?

सांगणार नाही. पिवळ्या बल्बखाली पांढऱ्या हिरड्या गुलाबी दिसतात, आणि ताप किंवा श्वास फोटोत येत नाही. सतत रडणं, किंवा उलट आवाजच न काढणं, दोन वेळा न पिणं, उलट्या, रक्ताचे जुलाब, झटके, उघड्या तोंडाने श्वास: यातलं एक जरी असेल तरी फोटो न पाठवता निघा. जाताना पिल्लाला उबेत ठेवा.

१७. एकाच वेतातली दोन पिल्लं, पण एक दुप्पट मोठं. वय वेगळं कसं?

बहुतेक वेळा वय एकच असतं, दूध मिळण्यात फरक पडलेला असतो. दोघांचे दात शेजारी ठेवून पाहा, सारखे निघतील. एकाच्या हिरड्या गुळगुळीत आणि दुसऱ्याला दाढा, असं असेल तर ती दोन वेगळ्या वेतांमधली आहेत. कुत्री कधी कधी दुसरीच्या पिल्लांना पाजते, किंवा कुणीतरी दोन ठिकाणची पिल्लं एकत्र आणून ठेवलेली असतात. तेव्हा दोघांचं माप आणि वेळापत्रक वेगळं ठेवा. लहानाला आधी, वेगळं पाजा. एका ताटलीत ठेवलं तर मोठं सगळं संपवतं.

१८. तुम्ही सहा आठवडे म्हणालात, डॉक्टर आठ म्हणाले. कुणाचं मानू?

डॉक्टरांचं. त्यांनी तोंड उघडून पाहिलंय, मी स्क्रीनवर पाहिलंय. दोन आठवड्यांचा फरक या वयात नेहमीचा आहे. कार्डावर त्यांनी सांगितलेली तारीख लिहा आणि पुढे समोरचे पहिले दूधदात पडले की तो दिवस नोंदवून ठेवा. तिथून मागे मोजलं की वयाचा अंदाज पुन्हा तपासता येतो.